क्रिप्टोची वही: अदलाबदल हीसुद्धा विक्रीच

शेअर बाजारातून क्रिप्टोकडे येणाऱ्यांची जुनी सवय अशी, की वर्षअखेरीस नफ्यातून तोटा वजा करायचा आणि उरेल त्यावर कर भरायचा. इथे तसं चालत नाही. आयकर कायद्याचं कलम ११५बीबीएच १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. त्यानुसार प्रत्येक नफ्यावर ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस. तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घात होतो तो नाण्याच्या बदल्यात नाणं घेताना. मी स्वतः याच नोंदींशी सर्वांत जास्त झगडलोय, म्हणून सविस्तर सांगतो. समजा, १ लाखाचं बिटकॉइन घेतलं. ते दीड लाखाचं झालं तेव्हा थेट त्याचं इथेरियम केलं. मग इथेरियम पडलं आणि १ लाख १० हजाराला विकलं. टीडीएस बाजूला ठेवला, तर हातात कमाई १० हजार. पण वहीत ओळी दोन होतात. पहिलीत ५० हजार नफा. दुसरीत इथेरियमची खरेदी किंमत दीड लाख, खरेदीची तारीख अदलाबदलीची, तोटा ४० हजार. विवरणपत्राच्या व्हीडीए, म्हणजे आभासी डिजिटल मालमत्तेच्या शेड्यूलमध्ये दुसऱ्या ओळीचं उत्पन्न शून्य लिहायचं. कर पहिल्या ओळीवर: १५ हजार, अधिक ६०० सेस. कमाईपेक्षा कर जास्त!

‘बँकेत रुपये आलेच नाहीत, मग कर कसला?’ असं छातीठोकपणे सांगणारे ग्रुपवरचे गुरू सरळ म्यूट करा. एक्स्चेंजच्या एकूण नफा-तोट्याच्या आकड्यावरही विसंबू नका, तोटा आधीच वळता केलेला असू शकतो. मूळ ट्रेड हिस्टरीच उतरवून घ्या, दर महिन्याला.

अदलाबदल केली की त्याच दिवशी, त्या वेळचा रुपयातला भाव लिहा. फाइलमध्ये बहुधा फक्त यूएसडीटी या डॉलरशी जोडलेल्या नाण्यातला भाव असतो आणि वर्षभरानंतर तो रुपयात शोधत बसणं जिवावर येतं. वेळही तपासा. फाइल यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत असेल तर १ एप्रिलच्या पहाटे ३ वाजताचा व्यवहार ३१ मार्चला रात्री साडेनऊचा दिसतो, म्हणजे चुकीच्या आर्थिक वर्षात जातो.

घाबरू नका. मागचं सगळं विस्कटलेलं असलं तरी तारखेनुसार एकेक ओळ लावत गेलं की जुळतं. विक्रीचा आकडा मात्र टीडीएस कापण्याआधीचा धरा. दीड लाखाच्या विक्रीत १ टक्का कापून १,४८,५०० जमा झाले तरी मोबदला दीड लाखच, आणि कापलेले १,५०० फॉर्म २६एएसमध्ये दिसतात का ते बघा. विक्रीचं कमिशन वजा करू नका, खरेदी किमतीशिवाय कुठलाच खर्च इथे मान्य नाही.