२०१९ची वॅगन आर जुनी घेताना: रिकॉलची तपासणी

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी भागात विकायला येणाऱ्या जुन्या गाड्यांत एमएच-०९ पासिंगच्या बऱ्याच असतात. कोल्हापूरची गाडी, पहिला मालक तिकडचा आणि दुसरा निपाणीचा. कंपनी रिकॉल जाहीर करते, म्हणजे दोषाची शक्यता असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते, तेव्हा पत्र आणि फोन तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला जातात, आणि ती नोंद बहुधा पहिल्याचीच राहिलेली असते. त्यामुळे 'आम्हाला काही पत्र आलं नाही' हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं असलं तरी गाडीचं काम झालेलं आहे असं त्यातून ठरत नाही.

समजा, २०१९ची वॅगन आर बघायला निघाला आहात. निघण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो मागवा. त्यात पहिल्यांदा सीसी बघा: ९९८ असेल तर एक लिटरचं इंजिन, ११९७ असेल तर १.२ लिटरचं. नंतर उत्पादनाचा महिना बघा. पासिंगची तारीख इथे उपयोगाची नाही, कारण गाडी कारखान्यातून निघून शोरूममध्ये दोन-तीन महिने उभी असू शकते.

आता जाहीर झालेले रिकॉल या महिन्याशी ताडून बघा. १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या एक लिटरच्या ४०,६१८ गाड्या कंपनीने ऑगस्ट २०१९मध्ये बोलावल्या. पेट्रोलची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. जुलै २०२०मध्ये १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळातल्या एक लिटरच्या गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या. मार्च २०२४मध्ये पुन्हा ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९मधल्या ४,१९० वॅगन आर बोलावल्या, या वेळी पंपाच्या मोटरमधल्या एका भागासाठी. म्हणजे ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात बनलेली एक लिटरची गाडी तिन्ही मुदतींत बसते. आरसीवर मात्र 'ऑगस्ट' एवढंच असतं, आणि पहिल्या रिकॉलची मुदत त्याच महिन्याच्या मध्यात संपते. निकाल फक्त चेसिस नंबर देतो.

हा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि मारुतीचा MA3 ने सुरू होतो. त्यात इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणून तसं दिसलं तर शून्य आणि एक समजा. मोबाईल अ‍ॅपवर बऱ्याचदा मधले आकडे झाकलेले असतात, तेव्हा आरसीवरूनच घ्या आणि गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. मग marutisuzuki.com वर Imp Customer Info या विभागात तो टाका आणि आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

पुढचं काम मालकाला सोबत घेऊन करा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची हिस्टरी काढायला सांगा आणि कोणत्या रिकॉलचं काम कोणत्या तारखेला झालं ते विचारा. 'पंप बदललाय' एवढ्यावर थांबू नका. जॉब कार्डावर २०२०ची तारीख असेल तर ते जुलै २०२०चं काम. त्यावरून २०२४चं झालं असं धरता येत नाही. बाहेरच्या गॅरेजमध्ये पंप बदलला असेल तर त्याची नोंद इथे दिसणारच नाही. काम बाकी निघालं तर विसार देण्याआधी मालकाकडूनच ते करून घ्या. रिकॉलच्या कामाला पैसे लागत नाहीत.

गाडी बघायला सकाळी जा आणि ती रात्रभर बंद राहू द्यायला आधीच सांगून ठेवा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का, नळीवर ओल किंवा घासल्याची खूण आहे का, ते बघा. चावी फिरवून स्टार्टर न मारता थांबलात, तर मागच्या सीटकडून पंपाचा बारीक घुं आवाज क्षणभर यायला हवा. स्टार्टर लांबत असेल किंवा गरम झाल्यावर गाडी हळू वेगात बंद पडत असेल तर पंपाचा संशय घ्या. सीएनजी किट असेल तर ही चाचणी पेट्रोलवरच करा. किट आरसीवर चढवलेलं आहे का तेही बघा.

रिकॉल नसलेले दोष मात्र कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत. एजीएस, म्हणजे क्लचशिवाय आपोआप बदलणाऱ्या गिअरची गाडी असेल तर ती वंटमुरीच्या घाटात न्या. चढावर गिअर बदलताना जोराचा झटका बसतो का, चढावर थांबून पुन्हा निघताना ती मागे सरकते का, ते चालवल्याशिवाय कळत नाही. कंपनीशी संबंध नसलेल्या दोन गॅरेजवाल्यांना हेही विचारा की साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली वॅगन आर त्यांच्याकडे कशासाठी येते. दोघांनी एकच भाग सांगितला तर तो भाग बघून घ्या आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.