स्टेप्ड बारची वाढ काढताना P नेमका कुठून घ्यायचा

δ = PL/AE हे सूत्र डिप्लोमाच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. δ म्हणजे वाढ, P बल, L लांबी, A आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि E त्या धातूचा ताठपणा सांगणारा आकडा. तरीही तीन जाडीचा बार आणि त्यावर चार बाण काढून दिले की निम्म्या वर्गाची उत्तरं चुकतात. L चुकत नाही, E तर गणितातच दिलेला असतो. चुकतो तो P.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत काही वर्षं लेथवर पायऱ्यांचे शाफ्ट काढले. आता संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांच्या शिकवण्या घेतो. हे गणित किती वेळा फळ्यावर केलं, त्याचा हिशोब नाही. त्यामुळे ‘जिथे जो लोड दिसतो तो त्या तुकड्याला लावा’ असलं कुणी सांगताना ऐकलं की डोकं फिरतं.

एकच गणित घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. स्टीलचा बार आडवा आहे. डावं टोक अ, पहिली पायरी ब, दुसरी पायरी क, उजवं टोक ड. अब ५०० मिमी लांब, क्षेत्रफळ ५०० चौ. मिमी. मधला बक जाड आहे: ८०० मिमी लांब, १२०० चौ. मिमी. शेवटचा कड ६०० मिमी लांब, ४०० चौ. मिमी. अ ला ५० कि.न्यू. डावीकडे, क ला १०० कि.न्यू. डावीकडे आणि ड ला ४० कि.न्यू. उजवीकडे ओढ आहे. ब वरचा लोड उजवीकडे आहे, पण किती ते दिलेलं नाही. E = २०० कि.न्यू. प्रति चौ. मिमी.

आधी ब वरचा लोड काढा. बार जागचा हलत नाही, म्हणजे डावीकडची बेरीज १५० आणि उजवीकडचीही १५०. ४० आहेत, उरले ११०. संपलं.

आता खरी गोष्ट. बक या तुकड्यात बल किती?

मी विद्यार्थी असताना ११० लिहिलं होतं. ब वर ११० चा बाण आहे, तुकडा ब पासून सुरू होतो, मग ११० च असणार. अबला ५०, बकला ११०, कडला ४०, तिन्ही वाढी घालून उत्तर ०.९२ मिमी. खरं उत्तर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पेपर परत मिळाला तेव्हा शिकवणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘वजाबाकी करायची असते.’ कशातून काय वजा करायचं आणि का, ते काही सांगितलं नाही. पुढचे चार महिने मी अंदाजाने वजाबाक्या करत होतो. कधी उत्तर जुळायचं, कधी नाही, आणि जुळलं तरी का जुळलं ते कळायचं नाही.

बाण बारवर बाहेरून लागतो. सूत्रातला P म्हणजे त्या तुकड्याच्या आत धातूचा एक भाग शेजारच्या भागाला ज्या बळाने ओढतो किंवा ढकलतो ते बल. बाण डोळ्याला दिसतो. आतलं बल दिसत नाही, ते काढावं लागतं. काढायची रीत एकच: बार तिथे कापायचा.

माझ्याकडे यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा असतो. वहीत आकृती काढायची आणि ज्या तुकड्यातलं बल हवं, त्याच्या मध्यावर पुठ्ठ्याची कड ठेवून उजवीकडचं सगळं झाकून टाकायचं. झाकलेल्या भागातले बाण विसरायचे. उघड्या भागातल्या बाणांची बेरीज करायची आणि हा उघडा तुकडा जागच्या जागी राहायला कापलेल्या तोंडावर किती बल लागेल ते स्वतःला विचारायचं.

पुठ्ठा अबच्या मध्यावर ठेवा. डावीकडे फक्त ५० चा बाण, तोही डावीकडे जाणारा. तुकडा डावीकडे पळू नये म्हणून कापलेल्या तोंडाशी उजवीकडे ५० ची ओढ हवी. म्हणजे अबमध्ये ५० ची ओढ.

पुठ्ठा बकच्या मध्यावर सरकवा. आता ५० डावीकडे आणि ११० उजवीकडे असे दोन बाण उघडे आहेत. दोन्ही मिळून तुकड्याला ६० ने उजवीकडे, म्हणजे पुठ्ठ्याच्या दिशेने रेटतात. तोंडावरून त्याला ६० ने मागे दाबलं तरच तो थांबेल. बकमध्ये ६० चा दाब आहे. ज्या तुकड्याला मी ११० ची ओढ लावली होती तो लांबत नाही, आखडतो.

पुठ्ठा कडवर आणा. ५० डावीकडे, ११० उजवीकडे, १०० डावीकडे. एकूण ४० डावीकडे. तोंडावर ४० ची ओढ. आता पुठ्ठा उलटा धरून डावी बाजू झाका: उजवीकडे फक्त ड चा ४० उरतो, ओढच. दोन्ही बाजूंनी तेच आलं नाही तर बेरीज चुकली आहे, पुढे जाऊ नका. मी मुलांना शेवटचा तुकडा नेहमी दुसऱ्या बाजूनेही काढायला लावतो. दहा सेकंद लागतात.

इथेच एक खड्डा आहे, त्यात हुशार मुलंही पडतात. ‘उजवीकडचा बाण अधिक, डावीकडचा उणे’ हा नियम तोल बघताना चालतो. तोच नियम ते वाढीच्या चिन्हाला लावतात. अबवरचा बाण डावीकडे आहे म्हणून अबची वाढ उणे, कडवरचा उजवीकडे म्हणून अधिक. साफ चूक. दोन्ही तुकडे ताणले जातात, दोन्ही लांबतात. बाण डावा की उजवा हे विचारू नका. कापलेल्या तोंडावरचं बल तुकड्याला बाहेर ओढतं की आत दाबतं ते विचारा. ओढलं तर अधिक, दाबलं तर उणे. समजत नसेल तर दोघांनी चादर दोन टोकांना धरून ओढून बघा. एकाचा हात डावीकडे जातो, दुसऱ्याचा उजवीकडे, चादर मात्र एकच असते आणि ती ताणलेलीच असते.

बलं मिळाली की उरलेलं काम हिशोबाचं.

अब: ५० × ५०० ÷ (५०० × २००) = ०.२५ मिमी
बक: −६० × ८०० ÷ (१२०० × २००) = −०.२० मिमी
कड: ४० × ६०० ÷ (४०० × २००) = ०.३० मिमी

बेरीज ०.३५ मिमी. बार एवढाच लांबतो.

एककांबद्दल एवढंच: लोड कि.न्यू. मध्ये ठेवायचा असेल तर E २०० घ्या, न्यूटनमध्ये घ्यायचा असेल तर २ लाख. दोन्हींची सरमिसळ केली की उत्तर हजारपटीने हुकतं. ते ओळखायला एक माप लक्षात ठेवा. स्टीलवर प्रति चौ. मिमी १०० न्यूटन ताण असेल तर एक मीटर लांबीला अर्धा मिमी वाढ होते. वर अबमध्ये ताण बरोबर १०० आहे आणि लांबी अर्धा मीटर, म्हणून पाव मिमी. कुणी मला या बारची वाढ पस्तीस सेंटिमीटर सांगितली तर वही न उघडता मी ती परत देतो. क्षेत्रफळाऐवजी व्यास दिला असेल तर व्यास आणि त्रिज्येचा घोळ करू नका. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर क्षेत्रफळ चौपट होतं.

आता गणित थोडं हलवू, कारण परीक्षेत मुलं इथेच सापडतात. क वरचा १०० चा लोड पायरीवर नसून जाड तुकड्याच्या आत आहे, ब पासून ५०० मिमीवर. बाकी सगळं तसंच. पुष्कळ जण म्हणतात, जाडी बदलली नाही, मग तुकडे तीनच. नाही. जाडी बदलली की तुकडा बदलतो, आणि बाण लागला तरीही तुकडा बदलतो. पुठ्ठा बाणाच्या अलीकडे ठेवा, ६० चा दाब. पलीकडे ठेवा, ४० ची ओढ. एकाच जाडीच्या, एकाच धातूच्या दांडक्यात ५०० मिमी आखडतात आणि उरलेले ३०० मिमी लांबतात. त्यांची वाढ −०.१२५ आणि +०.०५. अब आणि कड तेच. एकूण ०.४७५ मिमी. एकही लोड बदलला नाही, फक्त एकाची जागा ३०० मिमी सरकली, आणि वाढ तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली.

उत्तराची पक्की पडताळणी हवी असेल तर दुसऱ्या वाटेने जा. अ टोक भिंतीत धरलंय असं समजा आणि एकेक बाण एकटा लावा. ड चा ४० तिन्ही तुकडे ताणतो: ०.६३३. क चा १०० फक्त अब आणि बक दाबतो: −०.८३३. ब चा ११० फक्त अब ताणतो: ०.५५०. बेरीज ०.३५. या वाटेत पुठ्ठा लागत नाही, त्यामुळे पुठ्ठ्यातली चूक इथे पुन्हा होत नाही. रोजच्या कामाला मात्र मी ही वाट सुचवत नाही. पाच-सहा लोड आले की पसारा होतो.

हे सगळं कुठपर्यंत खरं? ताण धातूच्या लवचीक मर्यादेत असेपर्यंत. साध्या माइल्ड स्टीलची यील्डची हद्द साधारण २५० न्यूटन प्रति चौ. मिमी असते, आपल्या बारमध्ये जास्तीत जास्त १०० आहेत, ठीक आहे. दाबाखालचा तुकडा काठीसारखा बारीक आणि लांब असेल तर तो आखडण्याआधी बाजूला वाकेल. तिथे हे सूत्र काही कामाचं नाही. लोड बारच्या मध्यरेषेतून गेला नाही तर बार वाकतोही.

पायरीच्या कोपऱ्यात मात्र वेगळाच प्रकार असतो. तिथे ताण एकसारखा पसरत नाही, कोपऱ्याशी गोळा होतो. लांबीच्या वाढीत त्याने फारसा फरक पडत नाही, कारण तो पट्टा लहान असतो. पण शाफ्ट तुटतो तो तिथूनच. वर्कशॉपमध्ये एकदा घाईत कोपरा चौकोनी सोडून शाफ्ट दिला होता. महिन्याभरात तो पायरीवर कापल्यासारखा तुटून परत आला. तेव्हापासून पायरीच्या कोपऱ्याला गोलाई दिल्याशिवाय लेथवरून काम उतरवलं नाही.

आणि गणितात बारची दोन्ही टोकं भिंतीत धरलेली असतील तर पुठ्ठा काढूच नका. दोन्ही भिंतींची बलं माहीत नसतात आणि तोलाचं समीकरण एकच असतं. तिथे आधी ‘एकूण वाढ शून्य’ हे दुसरं समीकरण मांडून एका भिंतीचं बल काढायचं. ते हातात आलं की मग पुठ्ठा घ्यायचा.