मधुमेही वृद्धांचा रात्री ठणकणारा कान : या चुका टाळा

मधुमेह असलेला साठी-सत्तरीचा माणूस कानाच्या ठणक्याने रात्री उठून बसत असेल, तर कान आतून नीट पाहिल्याशिवाय त्याला साधी कानदुखी म्हणण्याची मुभा कुणालाच नाही, डॉक्टरलाही नाही. किनारपट्टीवरच्या तालुक्याच्या गावी कान-नाक-घशाचा दवाखाना चालवताना, विशेषतः पावसाळा आणि त्यानंतरच्या दिवसांत, हे रुग्ण माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा तीन-चार बाटल्या ड्रॉप्स संपवून आणि महिना-दीड महिना घालवून येतात.

या आजाराला मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. १९६८ मध्ये अमेरिकेतील चँडलर यांनी हे नाव रूढ केले, कारण त्या काळी यातून अनेक रुग्ण दगावत असत. प्रत्यक्षात हा जंतुसंसर्ग आहे, आणि बहुतेक वेळा तो ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास या जंतूचा असतो. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा असतो. कूर्चेच्या तळाशी जन्मतःच बारीक फटी असतात. मधुमेहामुळे तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, पांढऱ्या पेशी मंदावलेल्या आणि कानातल्या मळाचा संरक्षक आंबटपणाही कमी झालेला असतो, त्यामुळे एरवी कातडीवरच थांबणारा जंतू त्या फटींतून खाली उतरतो आणि कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो. म्हणजे दुखते कानात, पण आजार असतो हाडाचा. चेहऱ्याची नस कवटीतून ज्या छिद्राने बाहेर पडते ते या वाटेवर सर्वांत जवळ आहे. त्याच्याही पलीकडे गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा आहेत. घाई का करायची, याचे उत्तर या भूगोलात आहे.

पहिली चूक : दुखणे थांबेना म्हणून ड्रॉप्स बदलत राहणे

वेंगुर्ल्याकडचे एक निवृत्त गुरुजी, वय बहात्तर, मधुमेह जुना आणि गोळ्या अनियमित. आषाढात कान बंद झाल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी एका ठिकाणी नळाच्या पाण्याची पिचकारी मारून मळ काढून घेतला. पंधरवड्याने उजवा कान दुखू लागला. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले ड्रॉप्स मिळाले, सूज थोडी उतरली, दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा ठणका सुरू झाला. मग दुसरे ड्रॉप्स, सोबत दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या. चावताना जबड्याच्या सांध्याशी कळ येऊ लागली, तेव्हा दाताचे दुखणे म्हणून उजवी दाढ काढण्यात आली. कळ तशीच राहिली. घरच्यांनी ठरवले की गणपतीला चाकरमानी येतील, विसर्जन झाले की मुलगा मुंबईला घेऊन जाईल आणि तिथे मोठ्या डॉक्टरांना दाखवील. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून सांडू लागले. लकवा समजून धावपळ झाली, मेंदूचा सीटी काढला, तो चांगला आला आणि सगळ्यांना हायसे वाटले. हायसे वाटण्यासारखे त्यात काही नव्हते.

माझ्यासमोर बसले तेव्हा मी त्यांना भुवया उंचावायला सांगितल्या. उजव्या बाजूच्या कपाळावर एकही आठी पडली नाही, आणि उजवा डोळाही पुरता मिटत नव्हता. मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे होते तेव्हा कपाळाच्या आठ्या साधारणपणे शाबूत राहतात; कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडला असेल, तर दोष बहुधा नसेत असतो आणि शोध कानापासून सुरू करावा लागतो. झोपेविषयी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, "डॉक्टरांनु, दिवस कसोतरी काढतंय, पण रातचो डोळ्याक डोळो लागणा नाय." ताप नव्हता. रक्तातील पांढऱ्या पेशींचा आकडाही सामान्य होता, आणि या आजारात तो बहुधा तसाच असतो, म्हणून त्याच्यावर विसंबून कुणी धीर देऊ नये.

मायक्रोस्कोपखाली कानातली थोडी घाण शोषून काढल्यावर पडदा अगदी धड दिसला. इथेच पुष्कळांची फसगत होते, कारण पडदा चांगला म्हणजे कान चांगला असे म्हणून टॉर्च खाली ठेवला जातो. या आजारात पडदा बहुधा शाबूतच असतो. पाहायचा असतो तो नळीचा तळ, जिथे कूर्चा संपून हाड सुरू होते. गुरुजींच्या कानात नेमके तिथे मसुराएवढे, लालभडक, हात लागताच रक्त येणारे दाणेदार मांस होते. मधुमेही वृद्ध, रात्रीचा ठणका आणि त्या जागी ते मांस, एवढे जमल्यावर मी तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत थांबत नाही, रुग्णाला त्याच दिवशी दाखल करतो.

तरीही त्या मांसाचा तुकडा तपासणीला गेलाच पाहिजे, कारण कानाच्या नळीचा खरा कॅन्सर याच रूपात येऊ शकतो, आणि काही रुग्णांत जंतूऐवजी बुरशी निघते, तिचे औषध सर्वस्वी वेगळे असते. गुरुजींच्या तुकड्यात कॅन्सर नव्हता; नमुन्यातले जंतू वाढवून पाहणाऱ्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास वाढला. शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर ९६ होता, मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा एचबीए१सी १०.४. कानाच्या हाडाच्या सीटीमध्ये नळीच्या तळाचे हाड कुरतडलेले दिसले. मेंदूसाठी काढलेल्या सीटीत हे कुणी पाहिले नव्हते, कारण कुणी ते शोधतच नव्हते. शिवाय हाडातील चुन्याचा साधारण तिसरा हिस्सा गेल्याशिवाय सीटीवर काहीच दिसत नाही, म्हणून सुरुवातीचा चांगला सीटी हा आजार नसल्याचा पुरावा मानू नये.

शिरेतून सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक, इन्शुलिन, दर दोन-तीन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली कानाची स्वच्छता आणि न मिटणाऱ्या डोळ्यासाठी मलम व रात्रीची पट्टी असे उपचार सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप परतली. चेहरा मात्र पुरता परतला नाही. आजही हसताना त्यांचे तोंड डावीकडे ओढले जाते. नसेवर एकदा परिणाम झाला की ती किती परत येईल याची हमी देता येत नाही, आणि गणपती होईपर्यंत थांबण्याची किंमत ती हीच.

माझी सवय सांगतो. मधुमेही वृद्धाच्या कानाला मी ड्रॉप्स दिले, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला परत बोलावतो आणि पहिला प्रश्न झोपेचा विचारतो. ठणका कायम असेल तर दुसरी बाटली लिहून देत नाही. मायक्रोस्कोप लावतो आणि ईएसआर काढतो. साध्या कानाच्या संसर्गात ईएसआर फारसा चढत नाही, या आजारात तो पन्नासच्या पुढे, कधी शंभरच्या घरात जातो. ही रक्ततपासणी तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये होते आणि स्वस्त आहे, त्यामुळे ती न करण्याला मला काही सबब दिसत नाही.

घरच्या आणि दुकानातल्या चुका

लसूण घालून कढवलेले खोबरेल कानात ओतू नये. ते जंतू मारत नाही, फक्त आतले दिसेनासे करते. मधुमेही वृद्धाच्या कानातला मळ पाण्याच्या पिचकारीने काढू नये. तो कोरड्याने, शोषून काढावा. काडी, चावी, केसांची पिन यांविषयी मी बोलणे सोडून दिले आहे. ठणक्यावर दुकानातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे आधीच मधुमेहाने थकलेली असतात, आणि पुढे आम्हाला अँटिबायोटिक निवडताना व मात्रा ठरवताना तीच आडवी येतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या पाच दिवसांच्या गोळ्या 'बघू तरी' म्हणून देण्याचा शॉर्टकट मला सर्वांत खटकतो. पाच दिवसांत हाडातला जंतू मरत नाही, पण कल्चर मात्र कोरे येऊ शकते, आणि पोटातून देता येणारे स्यूडोमोनासवरचे जवळजवळ एकमेव हुकमी औषध त्याच्यावर बोथट होण्याची शक्यता वाढते. आधी नमुना, मग औषध, हा क्रम मोडायचा नाही.

दुसरी मोठी चूक : दुखणे थांबले म्हणून औषध थांबवणे

कानातले मांस गेले, झोप लागू लागली, की रुग्ण बरा झाला असे घरच्यांना वाटते, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांनाही वाटते. हाडाचा संसर्ग असल्यामुळे उपचार साधारण सहा ते आठ आठवडे चालतात, कधी अधिक. जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देणारा असेल आणि मूत्रपिंडे ठीक असतील, तर ७५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते. मूत्रपिंडे कमजोर असल्यास मात्रा कमी करावी लागते. औषध कधी थांबवायचे ते मी दर दोन आठवड्यांच्या ईएसआरवरून ठरवतो. एमआरआयमधले बदल आजार गेल्यावरही महिनोन्‌महिने दिसतात, त्यामुळे त्यावरून हा निर्णय होत नाही. औषध थांबवल्यावरही मी रुग्णाला काही महिने बोलावतो, कारण हा आजार उलटतो.

देवगडकडच्या एका आजींचा ईएसआर गोळ्या नियमित चालू असूनही तीन आठवडे जागचा हलेना. कल्चरप्रमाणे जंतू औषधाला दाद देणारा होता, साखर आटोक्यात होती. शेवटी सुनेला सगळ्या गोळ्यांचा डबा घेऊन बोलावले, तेव्हा उलगडा झाला. आजी सकाळी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी एकत्रच, कपभर दुधासोबत घेत होत्या. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची पातळ औषधे या अँटिबायोटिकला पोटातच बांधून ठेवतात. अँटिबायोटिक या गोळ्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचे असते, आणि तेही पाण्यासोबत. वेळा बदलल्या आणि पुढच्या तपासणीत ईएसआर उतरलेला होता.

याच औषधाची दुसरी बाजू अशी की, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांत ते साखर एकदम उतरवू शकते. म्हणून पहिले काही दिवस घरच्या मशीनवर साखर मोजावी, आणि दरदरून घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास त्याला आजारपणाचा अशक्तपणा न समजता आधी साखर पाहावी.

गिळताना ठसका लागू लागला, आवाज अचानक बसला किंवा डोके असह्य दुखू लागले, तर संसर्ग पुढच्या नसांपर्यंत किंवा मेंदूजवळच्या शिरेपर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी तालुक्यात न थांबता, सोयीप्रमाणे कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी निघावे. निघताना कल्चरचा आणि तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, मूत्रपिंडांची क्रिएटिनिन तपासणी, आधीच्या सगळ्या ड्रॉप्सच्या रिकाम्या बाटल्या आणि सध्याच्या गोळ्यांचा डबा सोबत घ्यावा.