कॉलमचं स्टील टक्क्यात काढताना: हा टक्का नेमका कशाचा?

कॉलमच्या काँक्रीटचं आकारमान घनमीटरमध्ये काढायचं, त्याचे अडीच टक्के घ्यायचे आणि ७८५० ने, म्हणजे एक घनमीटर स्टीलच्या किलोतल्या वजनाने, गुणायचं. आलं किलोमध्ये स्टील. साइटवर नवीन आलेल्या प्रत्येकाला ही रीत कोणीतरी सांगतंच, आणि ती चुकीची नाही. एक टक्का म्हणजे दर घनमीटर काँक्रीटमागे ७८.५ किलो, एवढं डोक्यात बसलं तरी पुष्कळ आहे. फक्त हा टक्का आकारमानाचा आहे, वजनाचा नाही. काँक्रीटच्या वजनाचा एक टक्का घेतलात तर घनमीटरमागे जेमतेम पंचवीस किलो येतील, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

पण खरा घात होतो तो याच्या पुढे. मला सुरुवातीला ज्यांनी ज्यांनी “अडीच धर” असं सांगितलं, त्यांतल्या एकानेही त्या अडीचमध्ये काय काय धरलंय ते सांगितलं नाही. आकडा सांगून पुढे निघून जाणारा सिनियर मला आजही आवडत नाही. तुम्ही मात्र थांबून विचारा: टक्का नुसत्या उभ्या सळयांचा, की रिंगा आणि लॅपसकट, म्हणजे सळईला सळई जोडताना एकमेकींवर येणाऱ्या लांबीसकट?

कारण ड्रॉइंगवर किंवा डिझाइनच्या कागदावर जो टक्का लिहिलेला असतो, तो नुसत्या उभ्या सळयांचा असतो, तोही कॉलमच्या छेदाच्या क्षेत्रफळावर काढलेला. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली ०.८ ते ६ टक्क्यांची मर्यादासुद्धा याच टक्क्याची आहे. त्यात रिंगा नाहीत, लॅप नाही. हा टक्का उचलून आकारमानाला लावला की स्टील कमी भरणारच.

एक कॉलम घेऊन बघू. माप ३०० बाय ४५० मिमी, स्लॅबपासून स्लॅबपर्यंत उंची ३ मीटर. आकारमान ०.४०५ घनमीटर. उभ्या सळया १६ मिमीच्या आठ. एका सळईचं क्षेत्रफळ २०१ चौरस मिमी, आठांचं १६०८; छेद १,३५,००० चौरस मिमीचा. म्हणजे १.१९ टक्के. त्यावरून वजन येतं साधारण ३८ किलो, आणि नवखा माणूस हेच लिहून मोकळा होतो.

आता प्रत्यक्ष मोजा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणून १६ मिमीची सळई मीटरला १.५८ किलो. लॅप व्यासाच्या ५० पट धरला तर ०.८ मीटर, म्हणून प्रत्येक सळई ३.८ मीटरची. आठ सळयांचे झाले ४८ किलो. नुसत्या लॅपने दहा किलो वाढले.

मग रिंगा, ८ मिमीच्या, १५० मिमी अंतरावर. कव्हर ४० मिमी, म्हणून रिंग २२० बाय ३७० ची; परिमिती १.१८ मीटर आणि दोन हुकांचे ०.१६, मिळून १.३४ मीटर. मधल्या सळया बांधायला दोन आडव्या लिंक, त्यांचे आणखी ०.९१ मीटर. एका थराला २.२५ मीटर, असे २१ थर. मीटरला ०.३९५ किलोप्रमाणे १८.७ किलो. एकूण ६६.७ किलो. हे वजन आकारमानाने भागलं की घनमीटरमागे १६५ किलो, म्हणजे २.१ टक्के.

ड्रॉइंग १.१९ म्हणतं, साइटला लागतं २.१. दोन्ही आकडे खरे आहेत.

याच कॉलमला भूकंपासाठी सगळ्या उंचीभर १०० मिमीवर रिंगा दिल्या तर टक्का २.४ च्या जवळ जातो, एकही उभी सळई न वाढता. त्यामुळे अडीच धरायला घाबरू नका. मध्यम कॉलमला तो आकडा उधळपट्टीचा नाही. मात्र खालच्या मजल्यांवर उभ्या सळयाच अडीच-तीन टक्के असतील तर तिथे अडीच लावणं म्हणजे स्टील हमखास कमी मागवणं. उलट वरच्या मजल्यांवर तोच आकडा जास्त होतो. सगळ्या इमारतीला एकच टक्का लावणाऱ्या तयार एक्सेल शीटवर माझा याच कारणाने विश्वास नाही.

उंचीकडेही लक्ष ठेवा. काँक्रीट बीमच्या तळापर्यंतच मोजलं आणि बीम ४५० मिमीचा असला, तर आकारमान ०.३४४ वर येतं आणि २.१ टक्क्यांनी ५७ किलोच निघतात. सळया तर बीममधून वर जातातच. स्लॅब ते स्लॅब काढलेला टक्का स्लॅब ते स्लॅब आकारमानालाच लावा.

हे सगळं फक्त अंदाजपत्रकासाठी. सळया कापायला बार बेंडिंग शेड्यूलच लागेल. ते हातात आलं की प्रत्येक प्रकारचा एकेक कॉलम वर केला तसा मोजा, वजन आकारमानाने भागा, आणि ७८.५ ने भागून आलेला टक्का त्या कॉलमच्या नावापुढे लिहून ठेवा. पुढच्या मजल्यावर सळया आणि रिंगा त्याच असतील तर तोच टक्का वापरा; बदलल्या असतील तर पुन्हा एक कॉलम मोजा.