गाडी चालवताना मेसेज ऐकायचे आणि उत्तर द्यायचं, तर आधी काय लावून ठेवायचं

मी आठवड्यातून तीनदा सातारा ते सांगली करतो. ठिबकचं सामान पोचवायचं काम, त्यामुळे उंब्रज मागं पडलं की मेसेज सुरू होतात ते आष्ट्यापर्यंत थांबत नाहीत. कुणाला लॅटरलच्या नळ्या पाहिजेत, कुणाला नळ्यांचे कॉक, कुणी नुसतंच "कुठं आलात" विचारतो. या विषयावर जे व्हिडिओ आहेत त्यात सगळे म्हणतात असिस्टंट चालू करा आणि बिनधास्त बोला. बोललो मी, आणि काय काय झालं ते पुढं सांगतो.

फोन गाडीला जोडणं, आवाज ओळखवून घेणं हे तुम्हाला येतं असं धरतो. मी अँड्रॉइड आणि अँड्रॉइड ऑटोबद्दल लिहितोय. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये Announce Notifications शोधावं, कारप्लेसाठी ते तिथंच आहे, पुढचं बरंचसं त्यांनाही लागू होतं. आणि एक, फोन हातात धरून "फक्त बघतो" म्हणायचं नाही, ते मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये येतं, पहिल्याच वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा कैदही. होल्डरला लावून मॅप बघणं वेगळं.

मेसेज वाचायची परवानगी

सेटिंग्ज, अॅप्स, स्पेशल अॅक्सेस, तिथं Notification read, reply & control. काही फोनांत त्याचं नाव Device & app notifications असतं. तिथं Google आणि Android Auto दोन्ही चालू. झालं.

नाही झालं खरं तर, कारण माझ्या फोनवर हे सगळं चालू असून गाडी फक्त "एक नवीन मेसेज" म्हणायची आणि गप्प. महिनाभर मी गाडीच्या स्क्रीनला शिव्या घातल्या, दुकानदाराकडं दोन चकरा मारल्या. दोष स्क्रीनचा नव्हताच. व्हॉट्सअॅपला मी बोटाचं लॉक लावलेलं आणि त्या लॉकच्याच पानावर खाली एक बटण असतं, Show content in notifications, ते बंद होतं. नोटिफिकेशनमध्येच मजकूर नसेल तर असिस्टंट वाचणार काय, त्याच्याकडं दुसरा मेसेज नसतोच. गाडी नुसतं "मेसेज आला" म्हणत असेल तर पहिलं हेच बघा. आणि एखाद्या माणसाचाच मेसेज ऐकू येत नसेल तर तो चॅट म्यूट केलाय का तेवढं बघा, माझ्या मेव्हण्याचा केलेला होता, का ते विचारू नका.

ग्रुपचे मेसेज अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये जाऊन बंदच करा. सकाळी सातला फुलांचे फोटो येतात, प्रत्येकाला टणटण वाजतं.

भाषा, इथं सगळे अडकतात

आता खरं सांगायचं ते हे. तुम्हाला मेसेज मराठीत येतात, पण कुठल्या अक्षरांत येतात त्यावर सगळं अवलंबून आहे. मामांचा मेसेज यायचा, इंग्लिश अक्षरांत, "motor jalali udya ya". फोन इंग्लिश आवाजात हे वाचायचा तेव्हा एखादा परदेशी पाहुणा वडिलांना रागावतोय असं वाटायचं. एक शब्द कळायचा नाही. मग माणूस काय करतो, तर मान वळवून स्क्रीनकडं बघतो, आणि मग या सगळ्याचा उपयोग काय.

मी आधी असिस्टंटची भाषा बदलून बघितली. माझ्या गाडीच्या स्क्रीनवर मराठी लावली की काहीच धड चालत नाही, हिंदी आणि भारतीय इंग्लिश लावली की चालतं. तुमच्याकडं कदाचित मराठीच चालेल, फोनावर आणि गाडीवर अवलंबून आहे, म्हणून गाडी उभी असताना तपासून घ्या. हिंदी आवाज देवनागरीतली मराठी वाचतो तेव्हा उच्चार थोडा परका वाटतो, ळ ची वाट लागते, पण अर्थ लागतो. इंग्लिश अक्षरांतली मराठी मात्र कुठल्याच आवाजात मला धड ऐकू आलेली नाही. म्हणजे उपाय तुमच्या फोनात नाही, पाठवणाऱ्याच्या फोनात आहे. हे कुठला व्हिडिओ सांगत नाही.

मी ज्या चार-पाच माणसांशी रस्त्यात बोलावं लागतं त्यांचे फोन हातात घेऊन कीबोर्ड बदलून दिले. गुगलचा जीबोर्ड असेल तर भाषांमध्ये मराठी जोडायचं, त्यात एक प्रकार असा असतो की इंग्लिश अक्षरं मारली की मराठी उमटतं, udya मारलं की उद्या. ज्यांना तेही नको त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवला, बोलतील ते देवनागरीत टाइप होतं. इथं एक घोळ होतो तो नीट समजून घ्या. माइक दोन असतात. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत एक छोटा असतो, तो बोललेलं टाइप करतो. व्हॉट्सअॅपचा हिरवा गोल माइक वेगळा, तो व्हॉइस नोट पाठवतो, आणि व्हॉइस नोट गाडी वाजवून दाखवत नाही, "व्हॉइस मेसेज" एवढंच सांगते. मामांना मी तीन वेळा समजावलं, तिन्ही वेळा त्यांनी हिरवाच दाबला. शेवटी त्यांच्या नातीला सांगितलं, आता बरोबर येतं.

तपासायचं कसं तर बायकोला किंवा पोराला तीन मेसेज पाठवायला सांगायचे, एक देवनागरीत, एक इंग्लिश अक्षरांत, एक आकडे असलेला, आणि काय पाठवलं ते तुम्हाला आधी सांगायचं नाही. स्वतःच लिहिलेला मेसेज स्वतः ऐकला की सगळा कळल्यासारखा वाटतो, मी याच चुकीत पंधरा दिवस होतो. गाडी दारात उभी करा, स्क्रीनकडं पाठ करा, ऐका. जो कळला नाही तो रस्त्यातही कळणार नाही.

उत्तर देणं

गाडी वाचून झाली की विचारते उत्तर द्यायचं का. हो म्हणायचं, आणि इथं माणसं विचार करायला लागतात, "अं... सांग की... मी..." दोन क्षण गप्प बसलात की तिला वाटतं तुमचं संपलं, अर्धाच मेसेज तयार होतो. म्हणून वाक्य आधी डोक्यात जुळवा, मग हो म्हणा.

ओरडायची गरज नाही. माइक बहुतेक गाड्यांत छतातल्या दिव्याजवळ किंवा स्टिअरिंगच्या आसपास असतो, काच खाली आणि पंखा चारवर असेल तर तुम्ही कितीही ओरडा. काच वर, पंखा एकवर, बस. "हे गूगल" असं हाका मारत बसण्यापेक्षा स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण जरा दाबून धरा, बहुतेक गाड्यांत तेच चालतं.

आता माझी चूक सांगतो. कराडच्या पुढं, सहापदरीकरणाचं काम चाललेलं, कडेनं वळवलेला रस्ता, खडखड आवाज. सप्लायरचा मेसेज आला किती कॉक पाठवू. मी म्हणालो "साठ कॉक भेज दो". गाडीनं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं पाठवू का, मी समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत "हो" म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी बॉक्स उघडला तर आत सात. शेतात दोन माणसं रोजंदारीवर बसलेली, नळ्या अंथरून ठेवलेल्या, आणि कॉक सात. गाडीनं मला वाचून दाखवलं होतं, सात म्हणूनच, मी ऐकलं नव्हतं. सात-साठ तसे जवळचेच आहेत, हिंदी लावली तरी सात आणि साठच, सुटका नाही. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदला तर माणसंसुद्धा चुकतात.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, आकडा, भाव, खाते नंबर आणि तारीख आवाजानं पाठवायची नाही. लोक सांगतात आकडा सुटा सुटा बोला, सहा शून्य. ते घरात चालतं, खडखडाटात मला भरवसा नाही. त्या जागी मी एकच वाक्य पाठवतो, आणि तेही हिंदीत, कारण भाषा हिंदी लावलीय आणि मराठी बोललो तर ती हिंदीत ओढूनताणून काहीतरी भलतंच लिहिते. "गाडी चला रहा हूँ, बीस मिनट में फोन करता हूँ." पहिल्यांदा मामांनी लगेच फोन केला की अरे हिंदीत का बोलतोयस, तब्येत बरी आहे ना. आता सवय झालीय त्यांना.

पाठवण्याआधी वाचून दाखवलेलं चुकलं असेल तर दुरुस्त करत बसू नका. रद्द म्हणा, संपलं. दुरुस्त करायला जाल तर चार वाक्यं बोलावी लागतात, आणि पुढं ब्रेक लाइट लागलेला असतो.

आणि नेटवर्क. बोललेलं ओळखायला इंटरनेट लागतं, मला तरी खंबाटकीत पुण्याकडं जाताना "ऐकू आलं नाही" हेच उत्तर मिळत आलंय. परत परत हाका मारायच्या नाहीत, घाट उतरला की मेसेज तिथंच असतो. फोन लॉक असताना वाचायचं चालू केलं असेल तर शेजारी कोण बसलंय तेवढं बघा, माझ्या गाडीत एकदा गिऱ्हाईक बसलेलं आणि सप्लायरनं मला पडणारा भाव पाठवला, गाडीनं तो खणखणीत आवाजात वाचला. त्या दिवसापासून सोबत कुणी असेल तर मी वाचणं बंदच ठेवतो, आणि पेठ नाक्याला चहाला थांबलो की एकदम सगळे बघतो, कॉकचे आकडेही तिथंच टाइप करतो.