जोडून सुट्टीत स्वस्तात दापोली करायची असेल, तर या चुका टाळा

शनिवार-रविवारला लागून सोमवारची सुट्टी आली की आमच्या ओळखीतल्या महाविद्यालयीन मुलांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, सहा जण आहोत, डोक्यामागे तीन हजार आहेत, कुठे जाऊ?" पुण्याच्या मुलांना मी बहुधा दापोलीची किनारपट्टी सुचवतो. मुरूड, कर्दे, हर्णै आणि आंजर्ले ही गावे एकमेकांना लागून आहेत, घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय आहे आणि तीन हजारांत दोन रात्री काढता येतात. मात्र परत आल्यावर हीच मुले साडेचार-पाच हजार खर्च झाल्याचे सांगतात, आणि हिशेब तपासला की दर वेळी त्याच त्या चुका सापडतात.

पहिली आणि सर्वांत महाग चूक म्हणजे गाडी भाड्याने ठरवणे. "सहा जणांत वाटले की स्वस्तच पडते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी आधी कागद-पेन घ्यायला सांगतो. चालकासह मिळणारी मोठी गाडी किलोमीटरच्या दराने मिळते, पण तिला रोजच्या किमान अंतराची अट असते आणि ही अट साधारणपणे २५० किंवा ३०० किलोमीटरची असते. पुणे ते दापोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. म्हणजे जाऊन-येऊन आणि तिथे थोडे फिरून गाडी साडेचारशे किलोमीटर धावेल. पण तीन दिवसांचे ३०० प्रमाणे ९०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतील. पंधरा रुपये दर धरला तर साडेतेरा हजार होतात, त्यावर चालकाचा दिवसाचा पाचशे रुपये भत्ता धरून पंधरा हजार, आणि टोल वेगळा. मधल्या दिवशी तुम्ही समुद्रात डुंबत असता आणि गाडी माडाखाली उभी असते, तरी त्या दिवसाचेही ३०० किलोमीटर तुमच्या खात्यावर चढतात.

हाच प्रवास एसटीने करून पाहा. साध्या गाडीचे एका वेळचे भाडे साडेतीनशेच्या आसपास धरले, तर जाऊन-येऊन सातशे होतात. महिलांना मार्च २०२३पासून एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे मुलींचे साडेतीनशेच होतात. तीन मुलगे आणि तीन मुली असतील तर सहा जणांचे मिळून ३,१५० रुपये. दापोलीहून मुरूडला जाणे-येणे, एक दिवस हर्णै आणि आंजर्ले यांसाठी रिक्षा किंवा टमटम, असे सगळे धरून आणखी अडीच हजार ठेवले तरी एकूण सहा हजारांच्या आत काम भागते. गाडीच्या मोहापायी वाया जाणारे नऊ हजार म्हणजे सगळ्यांची दोन रात्रींची राहण्याची सोय आहे. "पण एसटीत हाडे खिळखिळी होतात" अशी तक्रार करणाऱ्यांना मी सांगतो की मग बजेटची भाषा करू नये.

एसटीत एकच पथ्य आहे: परतीचे आरक्षण आधी करावे आणि जाण्याचे नंतर. शुक्रवारी रात्री निघता आले नाही तर शनिवारी पहाटे निघता येते. पण सोमवारी दुपारी दापोलीच्या स्थानकात सगळे एकदम परतायला उभे असतात. जाताना पहाटेची गाडी मी अधिक पसंत करतो, कारण संध्याकाळी उशिरा दापोलीत उतरल्यास मुरूडकडे जाणारी गावगाडी निघून गेलेली असू शकते आणि मग बारा किलोमीटरसाठी रिक्षावाला सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो.

दुसरी चूक भरती-ओहोटी न पाहता पुळणीवर वाहन नेण्याची. माझ्या भाच्याच्या मित्रांनी घरची गाडी काढली होती, म्हणजे भाड्याचा प्रश्न त्यांनी त्यांच्या मते सोडवला होता. पौर्णिमेनंतरची द्वितीया होती. सकाळी साडेनऊला ते कर्द्याच्या किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा पाणी बरेच आत गेलेले होते आणि ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसत होती, म्हणून फोटोसाठी गाडी थेट खाली उतरवली आणि क्रिकेट मांडले. अकराच्या सुमारास पाणी चाकांना लागले. गाडी मागे घेताना चाके वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत आली आणि जागच्या जागी फिरत खोल रुतली. जितका वेग द्यावा तितकी गाडी खाली जात होती, आणि शेवटी ती बुडाला टेकली. गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आले होते. ट्रॅक्टरवाल्याने तीन हजार घेतले, ते रास्तच होते. पुण्यात ब्रेक आणि वायरिंगच्या दुरुस्तीचा खर्च मात्र सगळ्या सहलीपेक्षा अधिक झाला, कारण खारे पाणी नुसते वाळत नाही, ते मागे गंज ठेवते.

हे टाळायला कोणतेही ॲप लागत नाही. किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात आणि मीही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून तेच करतो. द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, म्हणजे पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी व नंतर. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. अंदाज अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, म्हणून तेवढी मोकळीक ठेवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा पाणी अधिक मागे जाते आणि तितकेच अधिक वरही येते; त्या मुलांना फसवले ते याच रुंद किनाऱ्याने. वाहन तर पुळणीवर नेऊच नये, मग ती दुचाकी असली तरी. पण पोहण्यासाठी आणि किनाऱ्याने चालत दूर जाण्यासाठीही हाच हिशेब उपयोगी पडतो: ओहोटी लागल्यावर पाणी आत ओढते, म्हणून तेव्हा गुडघ्याच्या पुढे जायचे नाही.

खोली ठरवताना दर खोलीचा आहे की माणशी, जादा गादीचे पैसे वेगळे आहेत का, आणि तो दर जोडून सुट्टीचा आहे का, हे तिन्ही प्रश्न फोनवरच विचारून उत्तर संदेशात लिहून घ्यावे.

घरगुती खानावळीत न सांगता जेवायला जाणे हीदेखील चूकच आहे. तिथे माणसे मोजून स्वयंपाक होतो, त्यामुळे दुपारचे जेवण सकाळी नाश्त्यालाच सांगावे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन "करून द्या" म्हणणाऱ्यांनीही करणावळ आधी विचारावी.

सुवर्णदुर्गाची होडी समुद्र शांत असेल आणि माणसे पुरेशी जमली असतील तरच निघते, म्हणून ती सोमवारसाठी राखून ठेवू नये. रविवारी सकाळी आधी हर्णै गाठावे, होडी मिळाली नाही तर तसेच पुढे आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जावे आणि परतताना बंदरावर पुन्हा विचारावे. याच तीन दिवसांत गुहागर, वेळणेश्वर आणि हरिहरेश्वर बसवू पाहणाऱ्यांना माझ्याकडे सल्ला नाही. त्यांनी गाडीच ठरवावी आणि पंधरा हजार द्यावेत.