अर्जातलं वय: कट-ऑफ तारखेला होणाऱ्या या चुका टाळा

सेतू केंद्रावर नोकरीचा अर्ज भरताना वय चुकतं ते बहुतेकदा पहिल्याच पायरीवर. मोबाइलवरच्या वयाच्या कॅल्क्युलेटरमध्ये जन्मतारीख टाकली जाते आणि समोर येतं ते आजचं वय. जाहिरातीला मात्र "दि. 10 ऑगस्ट 2025 रोजी" असं एका ठरावीक दिवसाचं वय हवं असतं. ती तारीख कधी अर्जाच्या शेवटच्या दिवसाची असते, कधी वेगळीच. म्हणून आधी जाहिरातीतलं वयोमर्यादेचं कलम काढून ती तारीख कागदावर लिहून घ्या.

मग वजाबाकी. समजा जन्म 23-09-1987 चा आणि कट-ऑफ 10-08-2025. नुसती सालं वजा केली तर 38 येतात, आणि 38 पूर्ण झालेली चालत नसतील तर माणूस अर्ज न भरताच घरी जातो. 10 मधून 23 जात नाहीत, म्हणून जुलैचे 31 दिवस उसने घ्या: 41 वजा 23, म्हणजे 18 दिवस. महिना 8 चा 7 झाला, त्यातून 9 जात नाहीत, तर एका वर्षाचे 12 घ्या: 19 वजा 9, म्हणजे 10 महिने. राहिली 2024 वजा 1987, म्हणजे 37 वर्षे. वय 37 वर्षे 10 महिने 18 दिवस. उसने घ्यायचे ते कट-ऑफच्या आधीच्या महिन्याचे दिवस. दरवेळी 30 धरले की एखाददुसरा दिवस सरकतो.

एक दिवसही महाग पडतो तो काठावर. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जुलै लिहून टाकलेली माणसं गावोगावी आहेत, आणि कट-ऑफही 1 जुलै असेल तर वय भरतं नेमकं 38 वर्षे 0 महिने 0 दिवस. "38 पेक्षा जास्त नसावे" असेल तर सहसा चालतं. "38 पूर्ण झालेली नसावीत" असेल तर नाही. 2 जुलैचा जन्म असला तरी दुसऱ्या वाक्यात धोका आहेच. 1986 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारीला जन्मलेल्या उमेदवाराची 28 वर्षे 1 जानेवारीलाच पूर्ण झाली असं धरलं आणि तो अपात्र ठरला. उलट यूपीएससीच्या 2025 च्या नागरी सेवा परीक्षेत 1 ऑगस्टला 32 पूर्ण नकोत म्हणताना "2 ऑगस्ट 1993 पूर्वीचा जन्म नसावा" असं स्पष्ट छापलं होतं. तिथे 2 ऑगस्टवाला बसतो. जाहिरातीत अशी जन्मतारखेची ओळ असली की आपला हिशेब बाजूला ठेवायचा, ती ओळ धरायची. नसेल तर हेल्पलाइनला ईमेल करून उत्तर लेखी घ्या.

जन्मतारीख जाहिरातीत मागितलेल्या कागदावरचीच टाका, बहुतेक ठिकाणी ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची असते. जुन्या आधारवर कित्येकांचं नुसतं जन्मसालच छापलेलं आहे; त्यावरून अंदाजाने दिवस-महिना टाकला तर कागदपत्र तपासणीत अर्ज अडकतो.